मदत हवी आहे: टपरीवर वेलचीचा लाइटवाला बोर्ड लावू द्यावा का?

मिरजकर_७: चुलत्यांची पानटपरी आहे, पान, सिगारेट, बिस्किटं वगैरे. एक सेल्समन आलाय. चार फूट बाय दोन फुटांचा आतून लाइट लागणारा बोर्ड फुकट लावून देतो म्हणतो. बोर्डावर नाव वेलचीच्या डबीचं, पण त्याच नावाची तंबाखूही बाजारात आहे. शिवाय सिगारेटची पाकिटं मांडायला मागे उभा रॅक, त्याला कंपनीच्या रंगाची पट्टी, नाव कुठेच नाही. महिन्याला १,५०० रुपये देणार. "नावच नाही, मग जाहिरात कसली?" असं त्याचं म्हणणं. सही करावी का?

खुर्द_व्यापारी: लावा बिनधास्त. २००३ च्या कायद्यात दुकानाच्या दारावर आणि आत जाहिरातीची सूट आहे. नंतरच्या कडक नियमांना मुंबई उच्च न्यायालयाची स्थगिती आहे.

नियमपुस्तक: सुरुवात बरोबर, शेवट जुना. ती स्थगिती सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये उठवली. सूट आजही आहे, पण ती फार अरुंद आहे. बोर्ड ६० बाय ४५ सेंटिमीटरपेक्षा मोठा नको, म्हणजे साधारण दोन फूट बाय दीड फूट. त्यावर फक्त कोणत्या प्रकारचा माल मिळतो ते लिहायचं: सिगारेट, विडी, तंबाखू. ब्रँडचं नाव, पाकिटाचा फोटो, चित्र काही नाही. आतून दिवा नाही. वरच्या बाजूला २० बाय १५ सेंटिमीटरच्या पांढऱ्या जागेत काळ्या अक्षरांत धोक्याची सूचना, तीही भारतीय भाषेत. तुमचा बोर्ड १२० बाय ६० सेंटिमीटरचा होतो. तंबाखूचा म्हणून पाहिला तर मापात, दिव्यात आणि नावात, तिन्हींत नापास.

आता सेल्समनचा युक्तिवाद. अप्रत्यक्ष जाहिरातीची व्याख्या नियमांतच दिली आहे. तंबाखूच्या ब्रँडचं नाव दुसऱ्या मालाच्या जाहिरातीला वापरणं तिच्यात येतं, आणि एखाद्या तंबाखू उत्पादनाशी जोडलेले रंग व मांडणी वापरणंही येतं. म्हणून "नाव नाही" एवढ्याने रॅकची पट्टी सुटत नाही. गिऱ्हाईक तो रंग लांबून ओळखतं, म्हणून तर कंपनी पट्टीचे पैसे मोजते!

१,५०० रुपयांकडेही बघा. करार करून, भेट किंवा प्रायोजकत्वाच्या बदल्यात तंबाखूच्या ब्रँडचा प्रचार करायलाही कलम ५ मध्ये बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंड किरकोळ वाटतो, पण गुन्हा टपरीवाल्याच्या नावावर लागतो.

सोलापुरी_चादर: माझं बिअर शॉपी आहे. सोड्याच्या नावाचं स्टिकर फ्रीजला लावलंय, तेही काढू का?

नियमपुस्तक: दारूला हा कायदा लागत नाही, तिचे नियम वेगळे. वेगळा धागा काढा, इथे गोंधळ होईल.

खुर्द_व्यापारी: स्थगितीचं मान्य, माझी माहिती जुनी. पण मग पाकिटं लपवून ठेवायची का? मागच्या भिंतीवर पाकिटांच्या रांगा हीच तर खरी जाहिरात.

नियमपुस्तक: खरं आहे, आणि नेमकी तिथेच फट आहे. विकायला ठेवलेली पाकिटं दिसूच नयेत, असा नियम आपल्याकडे नाही. म्हणून कंपन्यांचं लक्ष बोर्डावरून रॅककडे वळलंय. एकाच ब्रँडची पंधरा पाकिटं डोळ्यांच्या उंचीला लागली की बोर्डाची गरज उरत नाही. मात्र १८ वर्षांखालच्या मुलांच्या हाताला लागेल असा माल ठेवायचा नाही. चॉकलेटच्या बरण्यांशेजारी रॅक उभा केला की घोळ तिथेच होतो. साधा, बिनरंगाचा रॅक स्वतःच्या पैशाने करून घ्या.

वेलदोडा: सगळ्या वेलचीला एकाच मापाने मोजू नका. मूळ ब्रँड तंबाखूचा नसून बिनतंबाखूच्या पान मसाल्याचा असेल तर हा कायदा थेट लागत नाही.

नियमपुस्तक: मुद्दा बरोबर. पण महाराष्ट्रात २०१२ पासून पान मसाल्यावरही अन्न सुरक्षा कायद्याखाली बंदीचे आदेश निघतायत. तशा नावाचा बोर्ड दिसला की तपासनीस आधी आतला माल बघणार. वेलची खरी आहे का, याची एक सोपी परीक्षा आहे. सेल्समन वेलचीचा माल बिलावर देतो का, आणि संपल्यावर पुन्हा भरतो का, ते पाहा. बोर्ड चार फुटांचा आणि डब्या सहा, असं असेल तर बोर्ड कशाचा आहे ते कळलंच.

वेलदोडा: हल्ली बिलंही देतात आणि डब्याही ठेवतात. मग? माझ्या मते अशा बोर्डावर कारवाई टिकणार नाही.

नियमपुस्तक: इथे नाव तंबाखूचंच आहे, असं मिरजकर सांगतायत. तेव्हा डब्या खऱ्या असल्या तरी व्याख्येतून सुटत नाही. पान मसाल्याच्या नावाबाबत मात्र तुमचं म्हणणं मी खोडू शकत नाही.

मिरजकर_७: सेल्समनला म्हटलं, बोर्डाची जबाबदारी कंपनीची, असं लेटरहेडवर लिहून द्या. "वरून विचारून सांगतो" म्हणाला. रॅक पट्टीशिवाय मागितला, तर म्हणे पट्टी काढली की १,५०० पण नाहीत.