उपशीर्षकातच बातमी सांगा

"पत्रकात उपशीर्षकं टाकली, परिच्छेद तोडले, तरी लोक विचारतातच पाणी कधी बंद आहे."

उपशीर्षकं विषयाची असतील, बातमीची नसतील. आमच्या सोसायटीच्या पत्रकात 'पाणीपुरवठ्याबाबत' असं होतं, खाली बारा ओळींचा ठोकळा आणि तारीख नवव्या ओळीत, मग काय, सगळे वॉचमनलाच विचारणार. पुढच्या वेळी 'मंगळवारी १० ते ४ पाणी नाही, टाकी धुणार' हेच ठळक केलं, खाली तीन ओळी, कारणं शेवटी. नुसती उपशीर्षकं वरून खाली वाचून बघा, तेवढ्यावर अर्धं पत्रक कळलं पाहिजे.

आणि मजकुरातलंच एखादं वाक्य उचलून मोठ्या अक्षरात अवतरण म्हणून लावत असाल, तर ते मूळ वाक्याच्या शेजारीच नका लावू, तेच दोनदा वाचल्यासारखं होतं (आमच्या सेक्रेटरींचं तर तीनदा झालेलं). पानाला एक पुरे.