अनुभव धागा: चवथीची मूर्ती आणि चॅटवर ठरणारा भाव

फोंड्याची वैशाली

चवथीच्या मूर्तीचा भाव हल्ली आमच्याकडे फोनवरच ठरतो. नवरा कामानिमित्त पुण्यात, मी फोंड्यात, चित्रशाळा डिचोलीकडे. पाट द्यायला जाण्याआधी सगळं बोलणं मेसेजवर होतं. समोरासमोर असताना मूर्तिकार काकांचा चेहरा बघून कुठे थांबायचं ते कळतं, लिहिताना कळत नाही. "थोडं कमी करा ना" एवढंच लिहिलेलं किती रुक्ष वाटतं! तरी घरचं बजेटही सांभाळायचं असतं.

यंदा काकांनी दीड फुटाच्या बैठ्या मूर्तीचे ५,२०० सांगितले. आमची तयारी ४,५०० ची होती. मी असं लिहिलं:

"काका, नमस्कार. मूर्ती तुमच्याकडूनच घ्यायची आहे. आमचं यंदाचं बजेट ४,५०० पर्यंत आहे. खडे आणि मागची प्रभावळ नको, पीतांबर साधा रंगवलेला चालेल. तसं केलं तर किती होईल? नाही जमलं तरी पाट तुमच्याकडेच येणार."

संध्याकाळी त्यांचा आवाजी मेसेज आला. प्रभावळ आणि खडे काढून ४,६००, रंग मात्र नेहमीचाच चांगला लावणार. मी लगेच "बरें काका, ठरलं" लिहिलं आणि १,००० आगाऊ पाठवले. वरचे शंभर मागितले नाहीत.

तुम्ही हे कसं करता? मूर्तिकाराशी चॅटवर बोलताना काय जमलं, काय बिनसलं, सविस्तर लिहा.

रंगाचे हात

आमच्या घरची चित्रशाळा आहे. बाबांचा फोन मीच बघते, म्हणून समोरच्या बाजूने लिहिते.

वैशालीताईंनी काय कमी करायचं ते स्वतःच सांगितलं, त्यामुळे काकांना उत्तर देणं सोपं गेलं. नुसतं "लास्ट प्राइस?" आलं की बाबा काय सांगणार? माती तीच, मळणी तीच, साच्यात दाबून दोन भाग जोडायचे तेही तेच. पैसे कमी-जास्त होतात ते उंचीत, अंगावरच्या दागिन्यांच्या कामात, प्रभावळीत आणि सोनेरी रंगात.

त्यातही उंचीकडे लोकांचं लक्ष जात नाही. दीड फुटावरून सव्वा फुटावर आलात तर फरक तीनच इंचांचा दिसतो, पण मूर्ती रुंदीला आणि जाडीलाही आटते. माती तिसरा हिस्सा तरी वाचते, वाळायला दिवस कमी लागतात, रंगवायचं अंगही कमी होतं. म्हणून "सव्वा फुटाची किती?" हा प्रश्न विचारलात तर उत्तर जवळपास नक्की खाली येईल. दीड फुटाचीच ठेवून हजार उतरवायला सांगितलेत तर तो हजार रंगकामातून जाणार, आणि ते तुम्हाला चवथीच्या दिवशी दिसणार.

दुसरं म्हणजे वेळ. आषाढात लिहिलेल्या मेसेजला बाबा निवांत उत्तर देतात. चवथ पंधरा दिवसांवर आली की घरातल्या सगळ्यांचे हात रंगात असतात. डोळे बाबा स्वतःच आखतात, त्या वेळी फोन कोणी उचलतही नाही. मेसेज वाचलेला दिसला आणि उत्तर आलं नाही तर तो नकार समजू नका. पण तेव्हा भावही बोलू नका.

सासष्टीचा सुदेश

मी एक बघितलंय, मातीच्या मूर्तीवर जीएसटी नाही. मग भाव कमी व्हायलाच हवा. मी तर तेच लिहितो आणि सोबत दुसऱ्या चित्रशाळेतल्या मूर्तीचा फोटो टाकतो, "हे तीन हजारात देतात" म्हणून.

रंगाचे हात

सुदेशभाऊ, मूर्तीवर कर नाही हे बरोबर. पण रंग, ब्रश, सोनेरी पावडर आम्ही कर भरूनच आणतो आणि तो आम्हाला परत मिळत नाही. म्हणजे उतरवायला त्यात काही उरत नाही.

फोटोचं मात्र जपून. उंची सारखी आणि भाव खूपच खाली असेल तर आधी ती मूर्ती मातीचीच आहे का ते विचारा. गोव्यात पीओपीला बंदी आहे, तरी बाहेरून येतात. फोटोत रंगवलेली मूर्ती दोन्हींची सारखीच दिसते. रंग लावायच्या आधीचा फोटो मागा आणि तळाचा व्हिडिओ मागा. पोकळ मातीच्या मूर्तीत आतून बोटांनी दाबल्याच्या खुणा असतात आणि रंग राखाडी किंवा तांबूस असतो. पीओपी आतून पांढरं, हातात घेतलं तर हलकंही. खरा मूर्तिकार असा फोटो आनंदाने पाठवतो.

म्हापशाची माई

माझा अनुभव समईचा आहे, चालेल ना? पितळेची समई चॅटवर घेतली. भाव किलोवर आणि मजुरी वेगळी. दादांना म्हटलं, "काट्यावर ठेवून फोटो पाठवाल का?" त्यांनी पाठवला. वजन डोळ्यांसमोर असल्यावर किलोच्या भावावर काही बोलायचं राहिलंच नाही, मजुरीत त्यांनी आपणहून थोडं सोडलं. मूर्तीला मात्र हे लागू नाही, तिथे वजनाने कोण घेतो?

तिसवाडीकार

कोणी फसवलं तर पैसे परत कसे मिळवायचे, त्याबद्दलच धागा आहे ना? मी आगाऊ दिले होते आणि माटोळीचं सामान आलंच नाही.

फोंड्याची वैशाली

नाही हो, इथे भाव ठरवण्याबद्दल बोलतोय. पण तुमचं ऐकून वाईट वाटलं. चवथीला माटोळी रिकामी राहणं म्हणजे काय, ते घरात अनुभवलेल्यालाच कळतं.

काणकोणचे अण्णा

आमच्या घरात देवाच्या मूर्तीचा भाव करत नाहीत. पाटावर विडा-नारळ ठेवायचा, कलाकार सांगेल तेवढं द्यायचं. वडिलांनी तसंच केलं, मीही करतो. मुलगा आता चॅटवर भाव विचारतो तेव्हा मनाला लागतं.

रंगाचे हात

अण्णा, असा पाट आला की बाबांना फार बरं वाटतं. तरी सांगते, बजेट मोकळेपणाने सांगणाऱ्याचा त्यांना कधी राग येत नाही. एकाने भाव ठरवून, आगाऊ देऊन, मूर्ती रंगवून झाल्यावर "आता पाचशे कमी करा, नाहीतर नको" असा मेसेज टाकला होता. पाट त्या घरचा, चवथ दोन दिवसांवर. ती मूर्ती दुसऱ्या कोणाला देणार? बाबांनी कमी केले, पण त्या रात्री जेवले नाहीत.

सासष्टीचा सुदेश

हे चूकच. पण उलटही होतं. ठरल्यावर तडा गेला तर? माझ्या भावाच्या मूर्तीला दंडाजवळ भेग होती, वर रंग फासून दिली.

रंगाचे हात

पावसात माती सारखी वाळत नाही. हात धडाला जोडतात तिथेच ती ओढली जाते. रंगाआधी दिसलेली बारीक भेग ओल्या मातीने भरली तर काही बिघडत नाही, सगळेच भरतात. रंगानंतर उघडली तर डाग राहतो. आम्ही तेव्हा दुसरी मूर्ती देतो किंवा पैसे परत करतो. सगळ्या चित्रशाळा असं करत नाहीत, म्हणून आगाऊ पाठवतानाच एक ओळ लिहा: "रंगाआधी एक फोटो पाठवाल का?" भेग असली तर तेव्हाच दिसेल आणि बोलायला वेळही राहील.

म्हापशाची माई

आणि मूर्ती घरी नेताना वाटेत मोडली तर कोणाची? आमच्या वाड्यावर यावरून दरवर्षी वाद होतो.

काणकोणचे अण्णा

नेणाऱ्याची. चित्रशाळेच्या उंबऱ्याबाहेर पडली की आपली.

रंगाचे हात

आमचे बाबाही तेच म्हणतात. पण टेम्पो चित्रशाळेनेच ठरवला असेल तर मला ते पटत नाही. त्यावर घरात आमचंही एकमत नाही.