मदत हवी आहे: हळदीचे मेल स्पॅममध्ये, दोष विषयाच्या ओळीचा की डोमेनचा?

राजेहो, मी समुद्रपूर तालुक्यातला. आमच्या गटाची वायगाव हळद पुण्या-मुंबईच्या मसालेवाल्यांना विकायची म्हणून अनोळखी ४० जणांना मेल टाकले. विषय होता, “१००% शुद्ध हळद!!! खास ऑफर”. एकाचंही उत्तर नाही. आता वाचताना मलाच ते भिंतीवरच्या जाहिरातीसारखं वाटतं.

मग विषय बदलला: “वायगाव हळद, २ टन, नमुना पाठवू का?” माल, वजन आणि एक प्रश्न, बस. प्रत्येकाला वेगळा मेल, तरी दोनच उत्तरं आली.

शंका आली म्हणून तोच मेल भाच्याच्या जीमेलवर पाठवला, तर तिथंही स्पॅममध्ये! त्यानं Show original उघडलं. SPF समोर PASS होतं, पण DKIM ची ओळच नव्हती. म्हणजे आमच्या डोमेनची सही मेलवर लागतच नाही. डोमेन घेऊनही महिनाच झालाय.

जाणकारांनो, आधी DKIM लावून रोज पाच-दहाच मेल पाठवावेत, की पहिल्या ४० मेलांनी डोमेनची पत गेलीच समजून नवं घ्यावं? एक भाऊ म्हणतात विषयाआधी “Re:” लाव, लोक उघडतात. उघडतीलही, पण खोटं कळल्यावर स्पॅमचं बटण दाबणार नाहीत का?