वाईला जाताना टोल टाळायचा की वेळ वाचवायचा?

कोथरूडचा_पाहुणा: कोथरूडहून वाईला सासुरवाडी. निघताना मॅप्समध्ये `Avoid tolls` चालू केलं की खेड शिवापूरचा नाका चुकवायला बोपदेव घाट, सासवड, नारायणपूर, कापूरहोळ असा फिरवतो. बायको म्हणते चालू ठेव, मी म्हणतो बंद. शिवाय सासऱ्यांना पोहोचायची वेळ शेअर करतो तर ती सारखी हलते. तुम्ही काय करता?

चिंचेचा_बोळ: वहिनी बरोबर आहेत. टोल म्हणजे लूट. नाक्यावर गाड्यांची रांग, त्यात फास्टॅग वाचला नाही की मागचा भोंगा वाजवून जीव नकोसा करतो. सासवड रस्त्याने जा, वाटेत पुरंदर दिसतो, नारायणपूरला दत्ताचं दर्शन होतं.

घाटवाला: गुरुवारी ते दर्शन घेऊन दाखवा बरं! नारायणपूरला गाडी लावायला जागा मिळाली तर कळवा. आणि रात्री बोपदेव घाट कुणालाच सुचवू नका, कुटुंब बरोबर असताना तर नकोच.

मूळ मुद्दा वेगळा आहे. हे बटण बंद ठेवलं म्हणजे सासवडचा रस्ता बंद होत नाही. शिवापूरला खरंच तुंबलं आणि तिकडून लवकर पोहोचणार असेल, तर ॲप स्वतःहूनच तो रस्ता पुढे करतं. बटण चालू केलं की मात्र हायवे जवळजवळ बादच होतो, मग तो मोकळा असला तरी. म्हणजे तुम्ही घड्याळाला मतच देऊ देत नाही. हिशेब करा: त्या फेऱ्यात वीस-पंचवीस किलोमीटर जास्त पडतात. पंधराचं मायलेज धरलं तर दीड लिटरच्या आसपास पेट्रोल जास्त. ते पैसे आणि रस्त्याच्या माहितीत ॲप दाखवतं तो टोलचा आकडा शेजारी ठेवा, मग घरात भांडा.

बुलेट_सदाशिव: मी तर कधीच टोल भरत नाही. बाजूच्या लेनमधून सरळ निघतो.

घाटवाला: तुमची दुचाकी आहे हो. प्रश्न गाडीचा आहे.

डांगे_चौक: मी `Avoid highways` पण चालू ठेवतो. हायवेच टाळला की टोल आपोआप टळतो. दोन्ही चालू करा, काम फत्ते.

घाटवाला: अर्धं खरं. हायवे टाळला की बरेचदा टोल टळतो, पण वाईच्या बाबतीत कापूरहोळच्या पुढे शिरवळ, खंबाटकी, सुरूर फाटा सगळा हायवेच आहे. तो काढला की ॲप भोरवरून मांढरदेवीच्या घाटाने वाईत उतरवायला बघतं. अरुंद, वळणावळणाचा रस्ता, पावसाळ्यात धुकं. शिवाय ही बटणं म्हणजे बंदी नाही, पसंती आहे. टोलशिवाय बरा रस्ताच नसेल तर टोलचाच रस्ता दाखवतं. जुन्या मुंबई रस्त्याला फुकट समजणाऱ्यांना सोमाटणे आणि वरसोलीचा नाका आठवत असेलच.

आणखी एक: `Remember settings` चालू असेल तर मागच्या खेपेचं बटण तसंच राहतं. ॲप उगाचच लांबून नेतंय असं वाटलं की आधी तिथे जाऊन बघा.

टोलपास_ताई: आमच्याकडे वार्षिक पास आहे. १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला तेव्हा ३००० रुपयांत २०० फेऱ्या, म्हणजे एका नाक्याला १५ रुपये. पंधरा रुपयांसाठी सासवड गाठायचं? पण मुंबईला निघालात तर हा पास द्रुतगती मार्गावर चालत नाही, हे सांगून ठेवते.

चिंचेचा_बोळ: महिन्यातून एकदा जाणाऱ्याने तीन हजार कशाला भरायचे?

टोलपास_ताई: मग नका भरू. पण तुमच्या पेट्रोलचा हिशेब घाटवाल्यांनी वर केलाय, तो तरी वाचा.

कोथरूडचा_पाहुणा: आणि सासऱ्यांचं काय?

घाटवाला: नेव्हिगेशन सुरू केल्यावर खालची पट्टी वर ओढा, `Share trip progress` दिसेल. त्यात त्यांना तुमची जागा आणि अंदाजे वेळ दिसते. ती हलणारच, कारण प्रत्येक क्षणाच्या वाहतुकीवरून काढलेली असते. गोम वेगळी आहे: शिरवळला वडापाव खायला थांबून नेव्हिगेशन बंद केलंत की शेअरिंगही संपतं. पलीकडच्याला वाटतं, काही झालं की काय. थांबायचं असेल तर ते चालूच ठेवा, नाहीतर एक मेसेज टाका.

नातसून_नऱ्हे: मला हे पटतच नाही. सासऱ्यांना मिनिटामिनिटाला कशाला कळवायचं? "दहाच्या सुमारास येतो" एवढं पुरे की. आमच्याकडे एकदा लिंक पाठवली, तर खंबाटकी उतरेपर्यंत तीन फोन. "अजून शिरवळलाच?" म्हणे.

टोलपास_ताई: माझ्या आईला फोन लागला नाही की ती रात्रभर जागी. लिंक पाठवली की ती स्वतःच बघते, आणि मला गाडी चालवताना फोन घ्यावा लागत नाही.

नातसून_नऱ्हे: आई आणि सासरे यात फरक आहे ताई.

कोथरूडचा_पाहुणा: आमचे सासरे हा धागा वाचत नाहीत, एवढीच आशा. शनिवारी बटण बंद ठेवून जातो. बायकोला टोल आणि पेट्रोल दोन्ही आकडे दाखवतो, पण त्या वाटेत नारायणपूर लागतं म्हणून ती तरीही ऐकणार नाही, हे आत्ताच सांगतो.