मदत हवी आहे: ब्रेक डिस्क गंजाने हबला चिकटली आहे, बेअरिंग न बिघडवता कशी काढावी?

खारेवारे, हरमल (पेडणे)

नमस्कार मंडळी. माझी अकरा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक समुद्रापासून जेमतेम दोनशे मीटरवर, केवळ पत्र्याच्या छपराखाली उभी असते. यंदा जून ते सप्टेंबर ती फारशी हलली नाही. पुढच्या दोन्ही डिस्क झिजल्यामुळे म्हापशाहून नवा जोड आणून मी काम घरीच काढले. डावी डिस्क चार फटक्यांत सुटली. उजवी मात्र तीन दिवस जागची हललेली नाही.

कॅलिपर काढून तारेने स्प्रिंगला टांगला आहे, त्याचा ब्रॅकेटही काढला आहे, आणि डिस्क हबवर धरून ठेवणारा छोटा स्क्रू इम्पॅक्ट ड्रायव्हरने निघाला. म्हणजे आता डिस्कला गंजाखेरीज दुसरे काहीही धरून ठेवत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ गंज सोडवणारे तेल मारतो आणि एक किलोच्या हातोड्याने ठोकतो. आता दोन किलोचा घण घ्यावा, की बेअरिंगच्या काळजीने थांबावे, हे ठरत नाही. जुनी डिस्क भंगारातच जाणार आहे, तेव्हा ती फुटली तरी चालेल. हब आणि बेअरिंग मात्र वाचवायचे आहे.

वास्को_७१

आमच्याकडेही गणपतीनंतर हाच अनुभव आला. गाडी पहिल्या गिअरमध्ये जराशी पुढे घेतली, मग रिव्हर्समध्ये मागे घेतली, तेव्हा 'फट्' असा आवाज होऊन चाक मोकळे झाले. तुम्ही चाक परत लावून हे करून पाहा, हातोड्याची गरज पडणार नाही.

खारेवारे

आभारी आहे, पण तुमच्या गाडीत पॅड डिस्कला चिकटले असावेत. माझे पॅड काढून बाजूला ठेवले आहेत आणि हब हाताने मोकळा फिरतो. अडकली आहे ती डिस्कची मधली टोपी, हबवर.

साखळीचा_पाना

यावर उष्णता हाच उपाय आहे. गॅसच्या टॉर्चने हब लाल होईपर्यंत तापवा, मग त्यावर थंड पाणी ओता, डिस्क आपोआप गळून पडेल. मी ट्रकवर हे अनेकदा केले आहे.

फोंडा_गॅरेज

साखळीचा_पाना यांनी उष्णतेचा मुद्दा बरोबर मांडला आहे, पण तापवायची जागा उलटी सांगितली आहे. हब तापवला तर हबच फुगतो आणि डिस्कच्या भोकात अधिक घट्ट बसतो. शिवाय या गाड्यांमध्ये बेअरिंगचे सील, आतले ग्रीस आणि एबीएसचा सेन्सर ज्वाळेपासून काही सेंटिमीटरवर असतात, त्यामुळे लाल होईपर्यंत तापवले की बेअरिंग गेलेच समजा. तापवायचेच असेल तर डिस्कची टोपी बाहेरच्या बाजूने, मधल्या भोकाच्या सभोवती, झटपट तापवावी. पण तुम्ही तीन दिवस तेल ओतले आहे. ते पेट घेईल, म्हणून मी तुमच्या जागी टॉर्चला हातच लावणार नाही.

आता मूळ अडचण. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. हबच्या मधल्या गोल उंचवट्यावर डिस्कचे भोक अगदी नेमके बसते, त्यामुळे गंज त्या बारीक फटीत पाचर ठोकल्यासारखा भरतो. उंचवट्याभोवती तपकिरी, खरखरीत कडे दिसते का पाहा. ते कडे झाकणाचे काम करते: वरून कितीही तेल ओतले तरी ते बाहेरच्या बाहेर वाहून जाते आणि सांध्यात शिरतच नाही. बारीक टोकाच्या पोलादी सळईने आधी ते कडे खरवडून काढा, फट दिसू लागली की मगच तेल घाला आणि रात्रभर ठेवा. हबच्या कडेला साचलेली पापडीही काढा.

डिस्कच्या टोपीवर, स्टडच्या भोकांच्या मधल्या जागेत, आट्यांची दोन छोटी भोके आहेत का? असतील तर त्यांत ८ मिमीचे बोल्ट आळीपाळीने पाव-पाव फेरा आवळून डिस्क बाहेर ढकलता येते.

खारेवारे

भोके आहेत. एक साफ झाले, दुसऱ्याचे आटे गंजाने खाल्ले आहेत आणि बोल्ट तिरका जातो. एकाच बाजूने ढकलले तर डिस्क तिरकी अडकेल, म्हणून थांबलो.

फोंडा_गॅरेज

बरे केलेत. मग मागून ढकलू. कॅलिपरचा ब्रॅकेट ज्या दोन कानांना बसतो, त्यांच्या भोकांतून आतल्या बाजूने पूर्ण आट्यांचा लांब बोल्ट घाला. भोक साधे असेल तर कान आणि डिस्क यांच्यामध्ये त्यावर नट चढवा, नट कानावर टेकेल आणि बोल्टचे टोक डिस्कच्या मागच्या पृष्ठभागावर. नट पान्याने धरून ठेवा आणि मागून बोल्ट फिरवा. भोकालाच आटे असतील तर नट लागत नाही. ब्रॅकेटचे मूळ बोल्ट यासाठी वापरू नका, ते परत लावायचे आहेत.

सगळा जोर बोल्टवर टाकू नका, नाहीतर कान वाकेल. साध्या पान्याने ताण येईल एवढेच आवळा आणि ताण तसाच ठेवून डिस्कच्या टोपीवर, स्टडच्या मधल्या जागी, एक किलोच्या हातोड्याने नेमके फटके द्या. गंज तुटतो तो फटक्याने. बोल्ट फक्त सुटलेली जागा परत मिटू देत नाही. मग बोल्ट सैल करून डिस्क पाव फेरा फिरवा आणि पुन्हा तेच करा. डिस्कची बाहेरची कडा मागून घणाने ठोकू नका, कारण तो तिरका दणका थेट बेअरिंगच्या गोळ्यांवर जातो आणि वाटीत बारीक खड्डे पाडतो. ते त्या दिवशी कळत नाही; नंतर चाळीस-पन्नासच्या वेगाला घूं घूं आवाज येऊ लागतो.

स्टडवर चाकाचे दोन नट तीन-चार आटे चढवून ठेवा. डिस्क एकदम सुटली तर पायावर पडणार नाही आणि स्टडचे आटेही जपले जातील.

खारेवारे (दोन दिवसांनी)

डिस्क सुटली. कडे खरवडायलाच पाऊण तास लागला. त्याखाली केसाएवढी काळी फट दिसली आणि तेल पहिल्यांदाच आत ओढले गेले. सकाळी बोल्ट लावून दोन पाव फेरे झाले तरी काही घडले नाही. तिसऱ्या वेळी चौथ्या फटक्याला कोरडा 'टक्' आवाज आला आणि वरच्या बाजूला नखाएवढी फट पडली. डिस्क पूर्ण फिरवत गेलो तसतशी ती नटांवर येऊन टेकली.

हबच्या पृष्ठभागावर गंजाची पापडी एका जागी नाण्याइतकी जाड होती. ती वायर ब्रशने आणि पॉलिश पेपरने काढली. नवी डिस्क बसवण्यापूर्वी आणखी काय पाहावे?

फोंडा_गॅरेज

डिस्क चाकाच्या नटांनी घट्ट करून डायल गेज लावा आणि डिस्क फिरवताना ती बाहेरच्या कडेजवळ किती डुलते ते तपासा. हे डुलणे साधारण ०.०५ मिमीच्या आत असावे. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहा. जास्त आला तर डिस्क एका स्टडने पुढे सरकवून परत मोजा. हबवर राहिलेला गंजाचा बारीक कणही डिस्कच्या कडेला मोठा होऊन दिसतो आणि ब्रेक दाबताना पेडल थरथरते.

साखळीचा_पाना

उष्णतेबद्दल माझे चुकले, हे मान्य आहे. पण हबच्या पूर्ण पृष्ठभागावर तांब्याचे ग्रीस लावा, पुढच्या वेळी हा त्रास नको.

फोंडा_गॅरेज

मी फक्त मधल्या उंचवट्यावर अगदी पातळ थर लावतो. सपाट पृष्ठभागावर ग्रीस राहिले की डिस्क सरळ बसल्याची खात्री देता येत नाही, शिवाय तापल्यावर ते पॅडकडे पसरू शकते.

साखळीचा_पाना

खाऱ्या हवेत सपाट पृष्ठभाग कोरडा ठेवला तर चार वर्षांत हीच वेळ पुन्हा येईल. पातळ पुसट थराने डिस्क तिरकी बसल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

खारेवारे

सध्या फक्त उंचवट्यावर लावले आहे. डायल गेजवर ०.०४ आले. गाडी पार्सेपर्यंत नेऊन आणली, पेडल शांत आहे. उजवीकडून पन्नासच्या आसपास हलकी घरघर मात्र ऐकू येते. ती माझ्या तीन दिवसांच्या ठोकाठोकीमुळे आहे, की टायर असमान झिजल्यामुळे, हे उद्या पुढची-मागची चाके अदलाबदल करून पाहतो.