४८ तासांत निघायचं ठरलं तर आधी काय बुक करता? (अनुभव येऊ द्या)

निशिगंध
काल रात्री मैत्रिणीचा मेसेज, "वीकेंडला मोकळी आहेस का, परवा निघू कुठेतरी" आणि मला एकदम ग्रॅनाडा आठवलं. ऑफिसच्या कामाला माद्रिदला होते, गुरुवारी दुपारी कळलं की शुक्रवारच्या मीटिंगा रद्द. सोबतची सहकारी म्हणाली आता अलाम्ब्रा बघायचाच, आणि लगेच ट्रेन शोधायला बसली. मी म्हटलं ट्रेन राहू दे, आधी आत जायला मिळतंय का बघ. कारण तिथल्या नासरी राजवाड्यांना ठरलेल्या वेळेचं तिकीट असतं, त्या अर्ध्या तासातच आत सोडतात, उशीर झाला की गेलं. तिकीट नावावर असतं, पासपोर्टचा नंबर लागतो, तिचा पासपोर्ट हॉटेलच्या रूमवर, मग धावपळ. शुक्रवार रविवार फुल, शनिवारी दुपारी अडीचचा एकच स्लॉट दोघींना मिळत होता, तो घेतला आणि तिथून उलटं मोजत आलो. ट्रेनला साधारण साडेतीन तास, मग टेकडी चढून वर, त्यात बागांच्या बाजूच्या फाटकातून शिरलं तर राजवाड्यांपर्यंत आतल्या आत चालायलाच पंधरा-वीस मिनिटं. शनिवारी सकाळची ट्रेन कागदावर जमत होती पण ती लेट झाली तर ज्यासाठी चाललो तेच हुकणार, म्हणून शुक्रवार संध्याकाळची घेतली. हॉटेल सगळ्यात शेवटी, तेही ट्रेनमध्ये बसल्यावर. परतीचं मुद्दाम घेतलं नाही, ट्रेन मोजक्या असल्या तरी बस भरपूर आहेत, पाचेक तास लागतात. सिटी पास, गाईड, रविवारचं सगळं सोडून दिलं. रविवारी ट्रेन खरंच फुल होत्या, बसनेच आलो आणि मी पूर्ण रस्ता झोपले.

तर तुमचं सांगा. आधी काय घेता, काय सोडता, काय लटकत ठेवता?

उनाड_पाखरू
मी आधी बॉसला पटवतो 😂 ते नॉन-रिफंडेबल आहे

मीराकाकू
निशिगंध छान लिहिलंयस गं. आम्हाला दोन महिने आधी ठरवूनही निघताना भांडण होतंच, ४८ तासांत तर घटस्फोटच

वाटसरू
बरीच वर्षं तिकिटांच्या कामात होतो म्हणून लिहितो. निशिगंधने केलं तेच बरोबर, ज्याला पर्याय नाही ते आधी, आणि ज्याला तासातासाला पर्याय आहे ते शेवटी. लोक विमानाचं तिकीट आधी घेतात कारण ते महाग असतं, पण महाग असणं आणि संपणं या वेगळ्या गोष्टी.

आता विमानाचंच असेल तर एक सांगतो, जे घाईत हमखास राहतं. बुकिंग झालं म्हणजे तिकीट निघालं असं नसतं. तुम्हाला सहा अक्षरांचा पीएनआर येतो, पैसे कापले गेल्याचा मेसेज येतो, तुम्ही बॅग भरायला घेता. पण त्या पीएनआरवर प्रत्यक्ष तिकीट काढायचं काम अजून बाकी असू शकतं, विशेषतः मधल्या वेबसाईटवरून घेतलं असेल तर, कारण त्यांच्याकडे कार्ड तपासणी वगैरेत काही तास जाऊ शकतात. महिनाभर आधी घेतलं तर तुम्हाला ते कळतही नाही. उद्या सकाळचं विमान असेल तर कळतं, काउंटरवर. म्हणून बुक केल्यावर तोच पीएनआर एअरलाईनच्या साईटवर टाकायचा आणि १३ आकडी तिकीट नंबर दिसतो का बघायचा. दिसला तर झोपा. तासाभरात नाही दिसला तर फोन करा, ईमेल करत बसू नका. माझं मत विचाराल तर इतक्या घाईत थोडे जास्त गेले तरी सरळ एअरलाईनकडूनच घ्यावं, बदल करायची वेळ आली तर मधला माणूस "एअरलाईनशी बोला" म्हणतो आणि एअरलाईन "ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्याशी बोला" म्हणते.

पावशेर
@वाटसरू १३ आकडी नंबरचं माहीतच नव्हतं!! आत्ता जुना ईमेल उघडून बघितला, आहे खरंच

भटकी_जमात
मी तर ४८ तासांत लिस्बन केलंय. पहिल्या दिवशी आल्फामा आणि ट्राम, दुसऱ्या दिवशी बेलेंम, सिंत्राला वेळ नाही पुरत, सोडा ते. कोणाला प्लॅन हवा असेल तर सांगा तासावार लिहिलाय

निशिगंध
भटकी, अहो ४८ तासांची ट्रिप नाही, ४८ तासांत *निघायचं* 😄 पण तो प्लॅन टाका, कामी येईल

भटकी_जमात
अरेच्चा. धागा नीट वाचलाच नाही, कुकरवर लक्ष होतं. टाकते रात्री

ऋतुपर्ण
एवढं काय टेन्शन घेताय, विमानाचं तिकीट आधी घेऊन टाकायचं, २४ तासांत फुकट रद्द करता येतं. नियमच आहे तसा. मग निवांत विचार करा

वाटसरू
ऋतुपर्ण, अर्धं खरंय. तो अमेरिकेचा नियम, आणि तो विमान सुटायला किमान सात दिवस असतील तेव्हाच लागू होतो. म्हणजे आपला हा धागा ज्याच्यावर आहे नेमक्या त्याच वेळी तो उपयोगाचा नाही. काही एअरलाईन स्वतःहून सवलत देतात पण त्या-त्या तिकिटाच्या अटीत लिहिलेलं असेल तरच. घाईच्या वेळी "घेऊ मग बघू" हे विमानाच्या बाबतीत करू नका.

ऋतुपर्ण
ओके हे माहीत नव्हतं. मला एकदा परत मिळाले होते पण ते बहुतेक लांबच्या तारखेचं होतं

गोधडी
हॉटेलमध्ये पण हीच गंमत आहे. "मोफत रद्द" असा फिल्टर लावून शोधलं, सगळं हिरवं हिरवं दिसतंय, पण अट काय तर चेक-इनच्या ४८ तास आधीपर्यंत. आता चेक-इनच उद्या आहे म्हटल्यावर ती मुदत बुक करायच्या आधीच संपलेली. म्हणून तारीख आणि वेळ वाचायची, नुसता शब्द नाही, आणि ती वेळ हॉटेलच्या गावची असते तुमच्या घड्याळाची नाही. मी काय करते, पहिली रात्र पक्की घेते आणि पुढच्या रात्रींचं त्याच हॉटेलात वेगळं बुकिंग करते, म्हणजे पुढचं आवडलं नाही तर तेवढंच रद्द होतं. एकाच बुकिंगमध्ये तीन रात्री घेतल्या की पहिल्या रात्रीच्या अटीत तिन्ही अडकतात. तोटा हा की कधीकधी रूम बदलायला लावतात.

पावशेर
आणि मध्यरात्रीचं लिहा कोणीतरी!! शनिवारी पहाटे एकला उतरलो, बुकिंग शनिवारचं. रिसेप्शनवाला शांतपणे म्हणाला सर दुपारी तीनला या. शुक्रवारची रात्र घ्यायला हवी होती. बायको अजून सुनावते

मीराकाकू
आणि शुक्रवारची घेतली तरी "उशिरा येतोय" असं कळवावं लागतं बाबा, नाहीतर आलेच नाहीत म्हणून रूम दुसऱ्याला देऊन टाकतात काही ठिकाणी. आमच्या शेजाऱ्यांचं झालंय.

उनाड_पाखरू
पावशेर मग तीनपर्यंत काय केलंत

पावशेर
लॉबीतला सोफा. माणूस चांगला होता, पांघरूण दिलं

सायली_के
माझा अनुभव फिरण्याचा नाही, चालेल ना? भावाचा परदेशात अपघात झाला, फोन आला त्या रात्रीच तिकीट शोधलं. सगळ्यात स्वस्त दाखवत होतं ते दोन वेगवेगळ्या तिकिटांचं होतं, मध्ये एका विमानतळावर पाच तास. मला वाटलं पाच तास म्हणजे भरपूर. नशिबाने मामेभावाने विचारलं की बॅग कोण उचलणार? वेगळी तिकिटं म्हणजे बॅग तिथे घ्यायची, बाहेर यायचं, परत चेक-इन, आणि बाहेर यायचं तर त्या देशाचा व्हिसा लागणार, जो माझ्याकडे नव्हता. नंतर एकाच तिकिटावरचं घेतलं, बरंच महाग, पण पहिलं विमान लेट झालं तेव्हा त्यांनीच पुढच्यात बसवलं. परतीचं मात्र तारीख बदलता येईल असं घेतलं आणि दोनदा बदललं. भाऊ बरा आहे आता, काठी घेऊन चालतो.

मीराकाकू
सायली, वाचून पोटात गोळा आला. भावाला सांभाळून राहायला सांग.

गोधडी
❤️

वाटसरू
सायली, तुम्ही योग्य केलंत. अशा वेळी जायचं पक्कं आणि यायचं मोकळं, यासाठी जास्त पैसे गेले तरी हरकत नाही. मामेभावाला माझा नमस्कार सांगा.

ऋतुपर्ण
मग सरळ वन-वेच घ्यावं ना? परतीचं तिथे गेल्यावर बघता येतं. मी नेहमी तसंच करतो

गोधडी
जवळच्या अंतराला ठीक आहे. लांबच्या प्रवासात पुष्कळ एअरलाईनचं वन-वे हे जाऊन-येऊनपेक्षा महाग निघतं, बघ एकदा. शिवाय टुरिस्ट म्हणून जात असशील तर चेक-इनलाच विचारतात, परतीचं तिकीट दाखवा.

ऋतुपर्ण
मला कोणीच विचारलं नाही आजवर

पावशेर
मला विचारलं. तिथेच उभं राहून फोनवर काढलं, मागे रांग

वाटसरू
हे देशावर आणि काउंटरवरच्या माणसावर आहे, वाद संपणार नाही. फक्त एक लक्षात ठेवा, जाऊन-येऊन एकाच तिकिटावर असेल आणि जायचं विमान तुम्ही न कळवता सोडलंत, समजा मित्राच्या गाडीने गेलात, तर साधारणपणे परतीचंही रद्द होतं. उलटं चालतं, म्हणजे गेलात आणि परतीला बसला नाहीत तर पुढे रद्द व्हायला काही उरतच नाही. म्हणून जायचंच डळमळीत असेल तर दोन वन-वे, यायचं डळमळीत असेल तर बदलता येणारं रिटर्न.

कोरी_पाटी
मी सगळ्यात आधी पासपोर्ट उघडते. युरोपात शेंगेनला बाहेर पडायच्या तारखेनंतर तीन महिने वैध लागतो, आणि दहा वर्षांच्या आत काढलेला. व्हिसा काढायचा असेल तर ४८ तासांत तो देश विसरा, ज्याचा हातात आहे किंवा लागतच नाही तिथे जा. अर्धी यादी इथेच कटते आणि डोकं हलकं होतं

उनाड_पाखरू
माझी पूर्ण यादी कटली 🙃

मीराकाकू
मांजराचं काय करता गं सगळे? तिकीट मिळतं, मांजर सांभाळायला माणूस मिळत नाही

गोधडी
काकू मी बहिणीकडे सोडते. तिच्याकडे कुत्रा आहे, दोघं एकमेकांकडे बघत बसतात फक्त

निशिगंध
काकू हा वेगळा धागा काढा, मीही लिहीन. आणि मैत्रिणीला विचारलं नक्की कुठे जायचं, ती म्हणते पॅरिस, आणि उशिरात उशिरा मंगळवारी लूव्र. मंगळवारी लूव्र बंद असतं हे तिला सांगितलं तर म्हणे मग सोमवारी ऑर्से. सोमवारी ऑर्से बंद. आता ती रुसून बसलीय, मी रविवारचे स्लॉट बघतेय