सहलीचा जलाशय आणि खाडी पोहून जाणारा पुतण्या

सुहास (सध्या वेळणेश्वरला):
सर्वांना नमस्कार. इंग्लंडमधल्या आपल्या मे महिन्याच्या सहलीच्या पत्रकात ‘जलाशयात कोणीही उतरू नये’ असे ठळक अक्षरांत छापले आहे. माझा पुतण्या शिक्षणासाठी नुकताच इंग्लंडला आला आहे. तो आमच्या विहिरीत सूर मारतच पोहायला शिकला आणि भरतीच्या वेळी खाडी सहज पार करतो. अशा पट्टीच्या पोहणाऱ्यालाही ही बंदी कशासाठी?

वृंदा:
सुहासराव, तुमच्या अंगणासमोरचा समुद्र आज २८ अंशांच्या आसपास असेल. इथल्या नद्या-तलावांचे पाणी मे महिन्यात, ऊन कितीही छान पडले तरी, बहुधा १५ अंशांखाली असते; आणि खोल जलाशयात वरचा थर कोमट लागला तरी त्याच्या खालचे पाणी अजून हिवाळ्याचेच असते. अशा पाण्यात अंग एकदम बुडाले की कातडी गार पडताक्षणी माणूस इच्छा नसताना भला मोठा श्वास आत ओढतो. एरवीच्या श्वासात अर्धा लिटर हवा जाते, या श्वासात दोन लिटर किंवा त्याहूनही जास्त. तेव्हा तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच ओढले जाते. पुढचे एक-दोन मिनिटे धाप आवरत नाही, आणि मिनिटभर दम रोखणाऱ्याला दहा सेकंदही रोखता येत नाही. पोहण्याच्या कसबाचा यात काही संबंधच येत नाही.

माझ्याकडे पोहायला शिकणाऱ्या एका तरुणाने वेल्समधल्या पाणी साठलेल्या दगडाच्या खाणीत तीन मीटर उंचीवरून उडी मारली. वर येताच तो घाईघाईने काठाकडे हात मारू लागला आणि प्रत्येक हाताबरोबर तोंडात पाणी जाऊ लागले. ‘पाय हलत होते, पण छाती माझे ऐकत नव्हती,’ असे तो नंतर म्हणाला. काठावरच्या मित्राने ‘उताणा हो’ म्हणून ओरडून सांगितले. कान पाण्यात जातील इतकी मान मागे टाकून, हात नुसते हलवत, तो दीड मिनिट तरंगत राहिला. श्वास ताळ्यावर आल्यावरच तो पोहला, तेही समोरच्या उभ्या कड्याकडे नव्हे, तर लांबच्या उताराकडे.

दिलीप:
हा हायपोथर्मियाचा परिणाम आहे. शरीराचे तापमान उतरायला अर्धा तास लागतो, त्यामुळे पाच मिनिटांची डुबकी निर्धास्त मारावी.

वृंदा:
दिलीपभाऊ, अर्ध्या तासाचे तुमचे म्हणणे खरे आहे, पण निष्कर्ष उलटा निघतो. हायपोथर्मियाला वेळ लागतो, म्हणजे पहिल्या पाच मिनिटांत बुडणारा माणूस त्याने बुडत नाही. धाप ओसरल्यावरही, साधारण दहा मिनिटांनंतर, दंडांचे स्नायू गार पडू लागतात. हात आखूड आणि घाईचे पडतात, पाय खाली जाऊन अंग उभे होत जाते. काठावरून हे नीट दिसते, पण पाहणाऱ्याला वाटते की तो जोर लावून पोहतो आहे.

मालती:
आमच्या रत्नागिरीजवळच्या गावात सोडून दिलेल्या चिरेखाणीत पावसाचे पाणी साठते. त्यात एक उत्तम पोहणारा मुलगा गेला. तोही गारठ्यानेच गेला असेल का?

वृंदा:
मालतीताई, वाचून वाईट वाटले. पण कोकणात पावसाळ्यातही पाणी एवढे थंड नसते, म्हणून मी ते कारण मानणार नाही. चिरे काढलेल्या खाणीच्या भिंती ताशीव, सरळ असतात. दमलेल्या माणसाला पाय टेकायला जागा सापडत नाही. त्या मुलाचे नेमके काय झाले, हे इथून सांगणे योग्य नव्हे.

सुहास:
मग पुतण्याने आठवडाभर गार पाण्याने अंघोळ केली तर सवय होईल का?

वृंदा:
अंघोळीच्या भरवशावर मी कोणाला पाण्यात सोडणार नाही. छातीपर्यंतच्या थंड पाण्यात, सोबत कोणी असताना, तीन-तीन मिनिटांच्या पाच-सहा बुड्या मारल्या तर तो सुरुवातीचा श्वासाचा झटका निम्म्यापर्यंत उतरतो; दंड मात्र तरीही गारठतातच. त्याला घेऊन या, हळूहळू चालत उतरायला मी शिकवीन. सहलीतली बंदी ठेवायची की देखरेखीखाली तासभर परवानगी द्यायची, हे समितीने ठरवावे. माझे मत बंदी ठेवावी असे आहे, दिलीपभाऊंचे अर्थातच वेगळे असेल.

सुहास:
ही सगळी पत्रे पुतण्याला पाठवली. त्याचे उत्तर आले: ‘काका, मी काल तिथे जाऊन काठावरून पाय घालून पाहिला, पाणी मुळीच गार नव्हते.’ वृंदाताई, त्याचा नंबर तुम्हाला स्वतंत्रपणे पाठवतो.